तेराव्या मजल्यावरून वीस पिक्सेल समुद्र

नवी मुंबईत, उलव्याच्या आतल्या सेक्टरमध्ये, सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतल्या प्लॉटवर एक इमारत उभी राहतेय. स्टिल्ट आणि वर तेरा मजले, सगळे वन आणि टू बीएचके. तिच्या ब्रोशरसाठी सहा रेंडर, म्हणजे बांधून व्हायच्या आधीच संगणकावर बनवलेली चित्रं, करायचं काम माझ्याकडे आलं होतं. रस्त्यावरून दिसणारं एलिव्हेशन, प्रवेशद्वार, लॉबी, गच्चीवरची बाग, एक बेडरूम, आणि सहावा फ्रेम म्हणजे हॉल आणि त्याला लागून असलेली बाल्कनी. पहिल्या पाचांबद्दल कुणी फारसं बोललं नाही. सहाव्याबद्दल मात्र मला रेफरन्स म्हणून एक फोटो आला: काचेची रेलिंग, तिच्यापलीकडे अर्धं चित्र भरून समुद्र, आणि बरोबर मध्यभागी मावळता सूर्य. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘सेम असं पाहिजे.’

मी नेरूळला राहते. उलवे माझ्यासाठी खाडीपलीकडचं गाव, त्यामुळे तिथून पाणी दिसत नाही असं मी म्हणणार नाही. कडेच्या सेक्टरांतल्या काही इमारतींच्या वरच्या मजल्यांवरून खारफुटी, तिच्यापलीकडचं बंदराचं पाणी आणि २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू असं सगळं दिसतं. प्रश्न या प्लॉटचा होता. म्हणून नकार द्यायचा की नाही हे ठरवण्याआधी मी नेहमीचं काम केलं, म्हणजे खिडकीबाहेर खरंच काय आहे ते शोधलं.

आमच्या धंद्यात खिडकीबाहेर जे दिसतं त्याला बॅकप्लेट म्हणतात. आतली खोली थ्रीडीत बांधायची, आणि बाहेरचा देखावा म्हणून एक फोटो मागे लावायचा. हा फोटो कुठला लावायचा याला काही बंधन नसतं. इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या बॅकप्लेटमध्ये न्यूयॉर्क असतं, दुबई असतं, नाव नसलेले समुद्र तर ढिगाने असतात. घाईच्या कामात तेच लागतात. फक्त आतली सजावट दाखवायची असेल तर बाहेर थोडं धूसर आकाश ठेवून भागतं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण इथे चित्र सोफा विकण्यासाठी नव्हतंच, देखावा विकण्यासाठी होतं. त्यामुळे बॅकप्लेट त्या जागेवरचीच हवी.

चांगली पद्धत म्हणजे ड्रोन. हव्या त्या मजल्याच्या उंचीवर नेऊन थांबवायचा, आणि बाल्कनी ज्या दिशेला उघडते त्या दिशेचा फोटो घ्यायचा. उलव्यात ते जमत नाही. विमानतळ शेजारीच असल्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर हा भाग लाल दिसतो, आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. एका ब्रोशरसाठी ती परवानगी काढायला कोणी जात नाही. मग उरतो जुना मार्ग: शेजारची पूर्ण झालेली इमारत गाठायची, सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटायचं, पत्र द्यायचं आणि गच्चीची किल्ली मागायची. सेक्रेटरींना आधी वाटलं मी मोबाइल टॉवरच्या सर्व्हेसाठी आले आहे. तो गैरसमज दूर झाल्यावर किल्ली लगेच मिळाली, वर चहाही आला.

गच्चीवरून पश्चिमेला बघितल्याबरोबर अर्धं उत्तर मिळालं. प्लॉटच्या पश्चिमेला, साधारण ६० मीटरवर, आपल्या इमारतीएवढ्याच उंचीच्या दोन इमारती उभ्या आहेत. त्यांच्यामध्ये एक फट आहे. त्या फटीतून मोकळे प्लॉट, मग खारफुटीचा हिरवा पट्टा, आणि त्याच्यावर एक राखाडी रेघ. ती रेघ म्हणजे पाणी.

इथेच थांबून ‘समुद्र दिसत नाही’ असं लिहिता आलं असतं. पण मला क्लायंटचा पुढचा प्रश्न आधीच ऐकू येत होता: ‘दिसतो ना थोडा? मग तोच थोडा मोठा कर.’ त्यामुळे थोडा म्हणजे किती, हे आकड्यात मांडायला हवं होतं.

हिशोब अवघड नाही. स्टिल्ट ४ मीटर, प्रत्येक मजला ३ मीटर धरला तर तेराव्या मजल्याची फरशी जमिनीपासून ४० मीटरवर येते. उभ्या माणसाची नजर आणखी दीड मीटर वर. जमीन भरतीच्या सरासरी पातळीपेक्षा ४ मीटर उंच धरली. म्हणजे डोळा पाण्यापासून साधारण ४५ मीटर उंच. समोरच्या इमारतींचे मजले मोजले, आणि महारेराच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रकल्पांची माहिती असते तीही पाहिली. त्यांच्या गच्चीचा कठडा जमिनीपासून ४४ मीटरवर येतो, पाण्याच्या टाक्या त्याहून वर. आपला सगळ्यात वरचा माणूस उभा आहे साडेएकेचाळीस मीटरवर. म्हणजे समोरच्या इमारतींच्या डोक्यावरून बघणं शक्यच नाही. जे दिसेल ते फटीतूनच.

फट ९ मीटर रुंद आहे आणि ६० मीटर दूर आहे. कोन काढला तर साडेआठ अंशांच्या आसपास येतो. इंटीरियरसाठी आम्ही जी २४ मिलिमीटरची लेन्स वापरतो ती आडवे ७४ अंश टिपते. म्हणजे चित्राच्या रुंदीचा साधारण दहावा हिस्सा फट. बाकी सगळी भिंत, दुसऱ्यांच्या खिडक्या आणि वाळत घातलेले कपडे.

आता उंची. प्लॉटपासून खारफुटीची पलीकडची कड नकाशावर मोजली तर २.८ किलोमीटर भरली. झाडांचे शेंडे पाण्याच्या पातळीपासून ८ मीटर धरले. ४५ मीटरवरच्या डोळ्यापासून त्या शेंड्यांना घासून जाणारी रेषा काढली की ती पाण्याला टेकते आणखी ६०० मीटर पुढे. म्हणजे डोळ्याला पाणी दिसायला सुरुवातच होते ३.४ किलोमीटरवर. तिथून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, जो मी त्या रेषेत ९ किलोमीटरवर धरला, सगळं पाणी. ऐकायला भरपूर वाटतं. पण ते आपण जवळजवळ आडव्या नजरेने बघतो, त्यामुळे साडेपाच किलोमीटर पाणी दबून अर्ध्या अंशाहूनही कमी जाडीच्या पट्टीत मावतं. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश भरतो. पट्टीची उभी जाडी तेवढीसुद्धा नाही.

फोर-के रेंडर म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेल. २४ मिलिमीटरच्या लेन्सने त्या चित्रात पाण्याची पट्टी बसते सुमारे २० पिक्सेल उंच आणि ३८० पिक्सेल रुंद. दोन हजारांहून जास्त पिक्सेल उंचीच्या चित्रात वीस. ब्रोशरच्या ए-फोर पानावर आडवं छापलं तर दोन मिलिमीटरच्याही आत. आणि हे तेराव्या मजल्यावरून. सातव्यावर उतरलो की डोळ्याची उंची २७ मीटरवर येते, झाडांची आड जास्त मोठी होते आणि पट्टी निम्म्याहून कमी उरते. तिसऱ्या-चौथ्यावरून खारफुटीसुद्धा नीट दिसायची नाही, कारण मधल्या पत्र्याच्या शेड आड येतात.

हेही भरतीचं. बंदराच्या या भागात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि किनारा उथळ आहे. ओहोटीला कडेचा बराच भाग चिखल असतो. तो चिखल बगळ्यांना आणि फ्लेमिंगोंना आवडतो, बिल्डरांना नाही.

खरी गंमत पुढे होती. हे सगळं पश्चिमेचं. आणि मंजूर नकाशात हॉलची बाल्कनी पूर्वेला आहे, कारण रस्ता पूर्वेला आहे. पश्चिमेला उघडते ती बेडरूमची खिडकी. म्हणजे ज्या बाल्कनीतून समुद्रात बुडणारा सूर्य दाखवायचा होता, त्या बाल्कनीतून पनवेलकडचे डोंगर दिसतात. सूर्य तिथे उगवतो. आपल्या अक्षांशावर मावळतीचा सूर्य वर्षभरात पश्चिमेच्या जेमतेम पंचवीस अंश उत्तरेला आणि तेवढाच दक्षिणेला सरकतो. पूर्वेच्या बाल्कनीत तो संध्याकाळी कुठल्याही महिन्यात येत नाही.

असं चित्र खोटं आहे हे ओळखायला एक सोपी खूण आहे, ती इथेच सांगून ठेवते. समुद्राचं क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. खोलीतला कॅमेरा दीड मीटरवर असेल तर क्षितिजाची रेघ खोलीतल्या उभ्या माणसाच्या डोळ्यांवरून गेली पाहिजे, मग मजला पहिला असो की पन्नासावा. आणखी एक: खोलीतल्या आडव्या समांतर रेषा, म्हणजे फरशीच्या फटी, छताची कड, लांबवर नेल्या की त्याच क्षितिजावर एकत्र आल्या पाहिजेत. ब्रोशर हातात घेऊन पट्टीने त्या रेषा वाढवून बघा. बहुतेक ‘सी व्ह्यू’ चित्रांत त्या एकीकडे मिळतात आणि समुद्र दुसरीकडेच असतो, कारण तो फोटो कुणीतरी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातून काढलेला असतो आणि जागा भरेल तसा वरखाली सरकवलेला असतो. दुसरी लबाडी जास्त सफाईदार असते. पाणी खरं, त्याच जागेवरचं, पण २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेलं. टेलीलेन्स तीच वीस पिक्सेलची पट्टी आठपट करते. मग तो फोटो २४ मिलिमीटरने काढलेल्या खोलीच्या मागे लावायचा. प्रत्येक तुकडा खरा आणि जोडलेलं चित्र खोटं. हे पकडायला दूरच्या नेहमीच्या वस्तू बघायच्या. टॉवर किंवा जहाज खोलीतल्या खुर्चीएवढं दिसत असेल तर कुठल्या लेन्सचं आहे ते कळतं.

हे सगळं हातात आल्यावर मी मेल लिहायला बसले. शेठशी, म्हणजे बिल्डरशी, माझं बोलणं फोनवर व्हायचं, पण नकार फोनवर द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. फोनवरचा नकार म्हणजे घासाघीस, त्यातून ‘बरं, थोडंसं टाक’ निघतं. शिवाय फोनवर झालेलं बोलणं प्रोजेक्टमधल्या बाकीच्यांपर्यंत पोचत नाही. आर्किटेक्टला ही मागणी माहीतच नव्हती. म्हणून मेल मार्केटिंगच्या सरांना, आणि कॉपी शेठना आणि आर्किटेक्टना. पहिला मसुदा लांब झाला होता. त्यात मी माझी तत्त्वं सांगितली होती. ती सगळी काढली. माझी तत्त्वं विकत घ्यायला ते आले नव्हते. जे राहिलं ते असं:

‘नमस्कार सर,

हॉल-बाल्कनीच्या फ्रेमसाठी आपण पाठवलेला रेफरन्स पाहिला. त्यात बाल्कनीतून समुद्र आणि सूर्यास्त दिसतो. आपल्या प्लॉटवर हा देखावा नाही, म्हणून हा एक फ्रेम मी तसा करू शकणार नाही. बाकीचे पाच फ्रेम ठरल्याप्रमाणे चालू आहेत, त्यांच्या तारखांवर याचा परिणाम होणार नाही.

कारणं थोडक्यात. मंजूर नकाशाप्रमाणे हॉलची बाल्कनी पूर्वेला उघडते. पाणी पश्चिमेला आहे. पश्चिमेकडे ६० मीटरवर आपल्याच उंचीच्या दोन इमारती आहेत. तेराव्या मजल्याच्या बेडरूमच्या खिडकीतून त्यांच्यामधल्या फटीतून पाण्याची एक बारीक रेघ दिसते. ती चित्रात प्रत्यक्षात किती येईल ते सोबत जोडलेल्या इमेजमध्ये दाखवलं आहे, लाल चौकटीत. फटीपलीकडचे प्लॉट मोकळे आहेत. तिथे बांधकाम झालं की ही रेघही जाईल.

हे चित्र ब्रोशरवर, होर्डिंगवर आणि चॅनल पार्टनरांच्या व्हॉट्सअॅपवर जाईल, आणि त्याच्यावर आपला महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड असेल. रेरा कायद्याच्या व्याख्येत कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी ही जाहिरात धरली जाते. कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करावी लागते. खाली बारीक अक्षरात ‘आर्टिस्ट्स इम्प्रेशन’ लिहिलं तर हे लागू होत नाही, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. याबद्दल आपल्या वकिलांचं मत घ्यावं, मी वकील नाही.

याऐवजी दोन पर्याय सुचवते. एक, हीच बाल्कनी सकाळी सातच्या उजेडात, समोर जे खरोखर आहे त्याच्यासह. बॅकप्लेट शेजारच्या गच्चीवरून काढून आणली आहे. दोन, बाल्कनीऐवजी गच्चीवरच्या बागेचा आणखी एक अँगल. दोन्हींपैकी काहीच नको असेल तर सहाव्या फ्रेमची रक्कम अंतिम बिलातून वजा करते. अॅडव्हान्समधून काही परत करण्याची गरज पडत नाही, हिशोब सोबत आहे.

कळवावे.’

मेलमधल्या लाल चौकटीच्या इमेजबद्दल थोडं. तेराव्या मजल्याच्या बेडरूमचा राखाडी, टेक्स्चर न लावलेला मॉडेल, खिडकीबाहेर खरी बॅकप्लेट, आणि पाण्याच्या पट्टीभोवती चौकट. चौकटीची रेघच पट्टीपेक्षा जाड दिसत होती. मला वाटतं, कलम १२ पेक्षा त्या इमेजनेच काम केलं. कायद्यावर वाद घालता येतो, ‘सगळे करतात’ म्हणता येतं. चौकटीत बघून कुणी म्हणू शकत नाही की हा समुद्र आहे.

‘सगळे करतात’ आलंच. मेल गेल्यावर तासाभरात शेठचा फोन. ते रागावले नव्हते, उलट समजावणीच्या सुरात होते. ‘ताई, पामबीचवरचे लोक खाडीला समुद्र म्हणतात, घोडबंदरला नदीला समुद्र म्हणतात, आपण एकटेच हरिश्चंद्र होऊन काय करायचं? आणि माणूस फ्लॅट घ्यायच्या आधी साइटवर येतोच ना? बघेल की डोळ्यांनी.’

शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला, कारण तो वरवर पटतो. मी त्यांना विचारलं, साइटवर आत्ता काय बघणार? दुसरा स्लॅब पडलाय. माणूस स्टिल्टमध्ये, डोक्यावर हेल्मेट घालून उभा राहणार, आणि सेल्सचा मुलगा हात वर करून सांगणार की वर समुद्र दिसतो. तेराव्या मजल्यावर त्याला नेणार कोण? तो मजला अजून झालेलाच नाही. जिथे डोळ्याने बघता येत नाही तिथेच माझं चित्र बघितलं जातं. शेठ म्हणाले, ‘ते ठीक आहे,’ आणि विषय बदलून पेमेंटवर गेले. त्यांच्या बाबतीत हे मान्य केल्याचं लक्षण असतं.

आर्किटेक्टनी मेलला एका ओळीचं उत्तर दिलं, ‘बाल्कनी पूर्वेलाच आहे, मंजूर नकाशा सोबत.’ त्यांना दुसरं काही लिहायची गरज नव्हती.

माझी खरी परीक्षा मात्र मार्केटिंगच्या सरांनी घेतली. त्यांचा मेल अत्यंत सभ्य होता. तुमचा मुद्दा मान्य आहे, तुम्ही समुद्र दाखवू नका, तुम्ही फक्त हॉल आणि बाल्कनी करा आणि बाहेरचं रिकामं ठेवून द्या, पुढचं आमचा डिझायनर बघेल. सोबत एक विनंती: फाइल अल्फा चॅनलसह, आणि उजेड संध्याकाळचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अल्फा चॅनल म्हणजे चित्रातला कोणता भाग पारदर्शक आहे हे सांगणारा थर. रेंडर झाल्यावर खिडकीबाहेरची जागा पारदर्शक ठेवता येते, मग तिथे फोटोशॉपमध्ये काहीही बसवता येतं. ही मागणी एरवी अगदी नेहमीची आहे. मी स्वतः महिन्यातून कितीतरी फाइली अशा देते, कारण आकाश बदलायचं असतं, हंगाम बदलायचा असतो. त्यामुळे ‘अल्फा देत नाही’ असा माझा नियम नाही, आणि तसा खोटा नियम पुढे करणं मला जमणार नव्हतं.

पण उजेडाची विनंती बघा. पूर्वेच्या बाल्कनीत संध्याकाळचा थेट उजेड आत येतोय असं रेंडर करायचं, म्हणजे सोफ्यावर, फरशीवर, भिंतीवर पडलेलं केशरी ऊन मी तयार करायचं. समुद्र नंतर दुसरं कुणी चिकटवेल, पण त्याची सावली आणि ऊन आधीच माझ्या खोलीत पडलेलं असेल. चिकटवलेलं चित्र पटतं ते बाहेरच्या फोटोमुळे नाही, आतल्या उजेडामुळे पटतं. बाहेर सूर्यास्त आणि आत सकाळचा पांढरा उजेड असेल तर शाळकरी मुलालाही काहीतरी खटकतं. म्हणजे लबाडीतला अवघड भाग माझ्याकडून आणि सोपा भाग डिझायनरकडून, अशी वाटणी होती.

मी उत्तर दोन ओळींत दिलं. हॉल-बाल्कनीचा फ्रेम पूर्वेच्या खऱ्या सूर्यस्थितीने, सकाळच्या वेळेला, खऱ्या बॅकप्लेटसह आणि एकसंध फाइल म्हणून देईन. या एका फ्रेमसाठी पारदर्शक थर आणि संध्याकाळचा उजेड देणार नाही, बाकी पाचांचे थर हवे असतील तर खुशाल घ्या. यानंतर चार दिवस कुणाचं काहीच आलं नाही. फ्रीलान्सरला अशा शांततेत काय काय वाटतं ते दुसऱ्या फ्रीलान्सरला सांगायला नको. मी तोवर लॉबीच्या ग्रॅनाइटचं टेक्स्चर नीट करत बसले.

मग मेल आला: सकाळचा फ्रेम करा. पण समोर विमान नको.

ते मी आनंदाने मान्य केलं. बॅकप्लेटमध्ये खरंच एक विमान आलं होतं, उतरणारं, बऱ्यापैकी मोठं. ते काढायला मला काही अडचण नव्हती, कारण विमान क्षणभर असतं आणि जातं. पार्क केलेला टेम्पो, समोरच्या गॅलरीतले कपडे, रस्त्यावरचं फाटकं होर्डिंग, हे सगळं मी काढते. उच्चदाब विजेचा मनोरा, समोरची इमारत, नाला हे काढत नाही, कारण फ्लॅट घेणाऱ्याला ते वीस वर्षं रोज दिसणार असतं. ही रेघ सगळे जण इथेच ओढतील असं नाही. विमानांचा आवाज चित्रात येत नाही, आणि त्याबद्दल ब्रोशरमध्ये काही लिहायचं की नाही हा निर्णय माझ्या कामात बसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण पटलेलं नाही.

फ्रेम चांगला झाला. पूर्वेकडची बॅकप्लेट काढली तेव्हा पाऊस नुकताच पडून गेला होता, त्यामुळे पनवेलपलीकडचे डोंगर स्वच्छ आले होते आणि प्रबळगडाचा सपाट माथा ओळखू येत होता. मार्च-एप्रिलच्या धुळीत तो दिसत नाही, म्हणून डोंगर मी थोडे फिके केले. शेठना ते आवडलं नाही. ते म्हणाले, ‘पावसात दिसतात ना? मग दाखव की.’ इथे मात्र मी ऐकलं, कारण ते दिसतात. फक्त चित्रातल्या झाडांना आणि जमिनीला पावसानंतरचा ओलसर हिरवा रंग दिला, म्हणजे डोंगर आणि बाकीचं चित्र एकाच ऋतूतलं राहिलं.

बिलातून काही वजा झालं नाही, सहाही फ्रेमचे पैसे आले, शेवटचा हप्ता नेहमीसारखा उशिरा. तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये दोन ओळी वाढल्या आहेत. पहिली: खिडकी-बाल्कनीबाहेरचा देखावा जागेवरून किंवा लगतच्या इमारतीवरून त्याच दिशेने काढलेल्या फोटोवरून घेतला जाईल, कॅमेऱ्याची उंची आणि लेन्स फाइलच्या नावात लिहिली जाईल, आणि त्या इमारतीत जाण्याची परवानगी क्लायंटने मिळवून द्यायची. दुसरी: सूर्याची दिशा मंजूर नकाशातल्या उत्तरेप्रमाणे. दुसऱ्या ओळीवर अजून कुणी हरकत घेतलेली नाही. पहिलीतली किल्ली मिळवायची जबाबदारी मात्र प्रत्येक क्लायंट वाचून सोडून देतो, आणि शेवटी सेक्रेटरींकडे मीच जाते.